सोडिअम आधी, पोटॅशिअम मागाहून: चेतापेशी फायर होते तेव्हा

बारावीच्या जीवशास्त्रात हे वाक्य बहुतेकांनी पाठ केलेलं असतं: आधी सोडिअमचे चॅनेल उघडतात, मग ते बंद होतात, मग पोटॅशिअमचे उघडतात आणि विभव, म्हणजे पटलावरचा व्होल्टेज, पुन्हा जागेवर येतो. आकृतीत एक टोकदार शिखर, त्याच्या चढावर Na⁺, उतारावर K⁺. मार्क मिळतात आणि विषय मिटतो. पण हा क्रम लावतं कोण, हा प्रश्न तसाच राहतो. हे चॅनेल म्हणजे आयनांना, भार असलेल्या अणूंना, ये-जा करू देणाऱ्या प्रथिनांच्या वाटा, आणि पेशीच्या पटलात त्या शेजारीशेजारी रुतलेल्या असतात. "माझं झालं, आता तू उघड" असा निरोप सोडिअमचा चॅनेल पोटॅशिअमच्या चॅनेलला देत नाही. दोघांना एकाच गोष्टीचा इशारा कळतो, पटलाच्या दोन बाजूंमधला व्होल्टेज बदलल्याचा, आणि तोही एकाच क्षणी. मग एक आधी आणि एक नंतर का?

हे कोडं सुटलं ते माकुलामुळे. आपल्याकडे मासळीबाजारात मिळणारी माकुलं ज्या कुळातली, त्याच कुळातला एक प्राणी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथजवळच्या समुद्रात मिळतो. धोका दिसला की तो पाण्याचा झोत मागे फेकून निसटतो. त्यासाठी अंगाचे स्नायू एकदम आवळावे लागतात, आणि त्या स्नायूंकडे जाणारा एकेक अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश नेणारा लांब धागा, अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. आपले बहुतेक अक्षतंतू याच्या शेकडोपट बारीक. अर्धा मिलिमीटर म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा दोरा, ज्याच्या आत लांबीच्या दिशेने तार सरकवता येते. १९३९ मध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत नेमकं हेच केलं. आवेग, म्हणजे चेतापेशी फायर झाल्यावर तिच्यातून धावणारी विजेची लाट, जाताना आतला व्होल्टेज शून्यापर्यंत येईल अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात तो शून्य ओलांडून चांगला धन बाजूला गेला. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि पुढचं काम काही वर्षं लांबलं.

शून्य ओलांडण्याचं एवढं काय, ते कळायला आधी विश्रांतीतली पेशी पाहू. माकुलाच्या अक्षतंतूत पोटॅशिअम भरपूर असतं, बाहेरच्या मानाने सुमारे वीसपट. सोडिअमचं उलट: बाहेर आतल्यापेक्षा आठ-नऊपट. विश्रांतीत पटलातून थोडंफार पोटॅशिअमच येऊ-जाऊ शकतं, म्हणून ते बाहेर झिरपत राहतं. प्रत्येक आयन आपल्यासोबत एक धनभार घेऊन जातो, त्यामुळे आतली बाजू ऋण होत जाते. आत पुरेसं ऋण झालं की तेच ऋण पोटॅशिअमला मागे ओढू लागतं. फक्त पोटॅशिअमचीच वाट मोकळी असती तर ही रस्सीखेच सुमारे उणे ७७ मिलिव्होल्टवर थांबली असती. थोडी इतर गळती धरून ती उणे ६५ च्या आसपास थांबते. आणि फक्त सोडिअमची वाट मोकळी असती तर? मग काटा अधिक ५० वर जाऊन थांबला असता. म्हणजे व्होल्टेज कुठे जाणार हे त्या क्षणी कोणाची वाट जास्त मोकळी आहे यावर ठरतं. शिखर शून्याच्या वर गेलं, याचा अर्थ काही क्षण तरी सोडिअमची वाट पोटॅशिअमपेक्षा कितीतरी मोकळी झाली होती. १९४९ मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी अक्षतंतू कमी सोडिअमच्या पाण्यात ठेवून पाहिला, आणि शिखर खुजं झालं.

आता मुख्य अडचण. चॅनेल उघडले की व्होल्टेज बदलतो, आणि व्होल्टेज बदलला की चॅनेल आणखी उघडतात. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं काढणार कसं? उपाय असा निघाला की व्होल्टेज बदलूच द्यायचा नाही. केनेथ कोल यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या या पद्धतीला व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मंडल पटलाचा व्होल्टेज आपण ठरवू त्या आकड्यावर धरून ठेवतं, आणि त्यासाठी त्याला जितका प्रवाह ओतावा लागतो तो मोजायचा. तोच चॅनेलांमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा आरसा. मग बाहेरच्या पाण्यातलं सोडिअम काढून त्याच्या जागी पटलातून न जाणारा आयन घालायचा आणि पुन्हा मोजायचं. उरतो तो पोटॅशिअमचा प्रवाह. दोन्हींची वजाबाकी म्हणजे सोडिअमचा.

हॉजकिन-हक्सली यांनी १९५२ मध्ये छापलेल्या समीकरणांत त्यांचेच आकडे घालून एक उदाहरण करून पाहू. तापमान ६.३ अंश सेल्सिअस, त्यांच्या प्रयोगांचं. अक्षतंतू उणे ६५ वर शांत आहे. आपण व्होल्टेज एका झटक्यात शून्यावर नेऊन तिथेच धरला. सुरुवातीला सोडिअमची वाट जवळपास पूर्ण बंद आहे आणि पोटॅशिअमची शंभरातल्या एका हिश्श्याने उघडी. झटका बसल्यावर तीन गोष्टी एकाच वेळी हलायला लागतात. सोडिअम चॅनेलचं उघडणारं दार हलतं, त्याची सरासरी वेळ पाव मिलिसेकंद. सोडिअम चॅनेलचंच दुसरं दार, जे बंद करणारं आहे, तेही हलतं, पण त्याला लागतो सुमारे एक मिलिसेकंद. आणि पोटॅशिअमचं दार हलतं, त्याला सुमारे १.६५ मिलिसेकंद. एकाच शिट्टीला धावायला लागलेले तिघे, प्रत्येकाचा वेग वेगळा. क्रम म्हणतात तो एवढाच.

अर्ध्या मिलिसेकंदाला घड्याळ थांबवा. सोडिअमची वाट जास्तीत जास्त जितकी उघडू शकते त्याच्या २३ टक्के उघडलेली आहे, पोटॅशिअमची फक्त ५ टक्के. प्रवाहात मांडलं तर सोडिअम आत येतंय दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४०० मायक्रोअँपिअर, पोटॅशिअम बाहेर जातंय १४०. दहास एक. आता तीन मिलिसेकंदांना पाहा. सोडिअमची वाट ३ टक्क्यांवर घसरली आहे, कारण बंद करणारं दार पोहोचलं. पोटॅशिअम ४४ टक्क्यांवर. प्रवाह: सोडिअम १९५ आत, पोटॅशिअम १२०० बाहेर. बाजी पूर्ण उलटली, आणि गंमत अशी की यादरम्यान व्होल्टेज तसूभरही हललेला नाही, आपण तो शून्यावर धरून ठेवलेला आहे. म्हणजे इशारा एकच, तोही एकदाच दिलेला, आणि तरी आधी सोडिअम, मग पोटॅशिअम.

याच हिशेबात एक खोडी काढून पाहिली की वेगाच्या फरकाचं मोल कळतं. समजा पोटॅशिअमचं दार सोडिअमच्या उघडणाऱ्या दाराइतकंच चपळ असतं. तर अर्ध्या मिलिसेकंदाला सोडिअम आत आलं असतं तेच १४००, पण पोटॅशिअम बाहेर गेलं असतं १३५०. जमा आणि खर्च जवळजवळ सारखे. व्होल्टेज वर चढायला काही शिल्लकच उरली नसती. आयन दोन्हीकडून भरपूर वाहिले असते, पेशीची ऊर्जा खर्ची पडली असती आणि आवेग मात्र उठला नसता.

पोटॅशिअमचा चॅनेल सोडिअमच्या चॅनेलवर विसंबून नाही, याचा आणखी थेट पुरावा पुढे १९६०च्या दशकात फुगा माशाच्या विषाने दिला. हे विष, टेट्रोडोटॉक्सिन, सोडिअम चॅनेलच्या बाहेरच्या तोंडाशी जाऊन बसतं आणि वाट बुजवतं. क्लॅम्प लावलेल्या अक्षतंतूला ते दिलं की आत येणारा प्रवाह नाहीसा होतो. पोटॅशिअमचा प्रवाह मात्र पूर्वीसारखाच, पूर्वीच्याच वेळी सुरू होतो. क्लॅम्प नसलेल्या, मोकळ्या अक्षतंतूत हे विष दिलं तर अर्थातच आवेगच उठत नाही आणि पोटॅशिअमचे चॅनेलही उघडत नाहीत, कारण तिथे व्होल्टेज वर नेणारं सोडिअमच असतं. पोटॅशिअमला सोडिअम लागतं ते इतकंच: शिट्टी वाजवायला.

क्लॅम्प काढून टाकला की गोष्ट आपोआप पळायला लागते. अक्षतंतूचा एक भाग कशाने तरी थोडा वर ढकलला गेला, उणे ६५ वरून उणे ६२ वर. काही सोडिअम चॅनेल उघडले, थोडं सोडिअम आत आलं. पण तेवढ्यात पोटॅशिअमची नेहमीची गळतीही वाढली, कारण आतलं ऋण कमी झाल्यामुळे त्याला मागे धरणारी ओढ सैल पडली. गळती जिंकते आणि व्होल्टेज जागेवर येतो. ढकलणं थोडं मोठं असेल तर एका टप्प्यावर आत येणारं सोडिअम बाहेर जाणाऱ्या पोटॅशिअमला मागे टाकतं. त्या क्षणापासून माघार नाही. सोडिअम आणखी सोडिअमला वाट करून देतं आणि व्होल्टेज अर्ध्या-एक मिलिसेकंदात अधिक ४० च्या आसपास जाऊन पोहोचतो. या टप्प्याला आपण उंबरठा म्हणतो आणि पुस्तकं उणे ५५ असा आकडा छापतात. तो आकडा दगडावरची रेघ समजू नये. व्होल्टेज झटक्यात न वाढवता सावकाश चढवला तर तोच उणे ५५ गाठूनही अक्षतंतू गप्प राहू शकतो. कारण वर येईपर्यंत दोन्ही मंद दारांना भरपूर वेळ मिळालेला असतो: काही सोडिअम चॅनेल उघडण्याआधीच बंद होऊन बसतात आणि पोटॅशिअमचे उघडून गळती वाढवतात. इथेही निकाल लागतो तो वेगांवरच.

शिखरावरून खाली येणं दोघांचं मिळून काम आहे. सोडिअमची वाट मिटते आणि पोटॅशिअमची रुंदावते. पोटॅशिअमचं दार बंद होतानाही मंदच, म्हणून व्होल्टेज विश्रांतीच्या खाली, उणे ७५ च्या जवळ जातो आणि मग हळूहळू वर येतो. सोडिअम चॅनेलचं बंद करणारं दार पुन्हा मोकळं व्हायला व्होल्टेज खाली असावा लागतो आणि काही मिलिसेकंद जावे लागतात. तोवर तो भाग कितीही ढकला, फायर होत नाही. आवेग पुढेच का जातो, मागे का वळत नाही, याचं उत्तर यातच आहे: मागचा भाग नुकताच फायर झालेला असतो आणि तिथली दारं अजून मोकळी झालेली नसतात.

इथे एक गैरसमज दुरुस्त करायलाच हवा, कारण तो अनेक गाइडांत छापलेला दिसतो: सोडिअम-पोटॅशिअम पंप आयन परत जागेवर नेतो, म्हणून व्होल्टेज खाली येतो. तसं होत नाही. एका आवेगाला किती आयन लागतात ते पाहा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूत एका आवेगात जितकं पोटॅशिअम बाहेर जातं, ते आतल्या साठ्याच्या दहा लाखांतल्या एका भागापेक्षाही कमी असतं. पटल इतकं पातळ आहे की चिमूटभर भार इकडून तिकडे गेला तरी व्होल्टेज शंभर मिलिव्होल्टने हलतो. पंपाचं काम आहे हा साठा दीर्घकाळ राखायचं, आणि ते चालतं सावकाश. केंब्रिजच्या मंडळींनी १९६१ मध्ये तर माकुलाच्या अक्षतंतूतला सगळा गर रोलर फिरवून पिळून काढला, आत नुसतं पोटॅशिअमचं द्रावण भरलं, आणि ती रिकामी नळी आवेग देत राहिली. पंप चालवायला लागणारं इंधन आत नसताना.

राहिला प्रश्न वेगांचा. एक दार पाव मिलिसेकंदात हलतं आणि दुसऱ्याला दीड का लागतं? हॉजकिन आणि हक्सली यांना चॅनेल दिसत नव्हते, त्यांनी फक्त वक्र जुळवले होते. त्यातूनही त्यांनी अंदाज बांधला होता की पोटॅशिअमची वाट उघडायला चार स्वतंत्र भाग जागेवर यावे लागतात, आणि सोडिअमच्या उघडण्याला तीन. आज आपल्याला प्रथिनाची घडण माहीत आहे. दोन्ही चॅनेलांत व्होल्टेज ओळखणारे चार भाग असतात. प्रत्येकात एक दांडी असते, जिच्यावर ठरावीक अंतराने धनभाराचे अमिनो आम्लांचे दाणे बसवलेले आहेत. आत ऋण असताना ती आतल्या बाजूला ओढलेली राहते. आतलं ऋण कमी झालं की ती बाहेरच्या बाजूला सरकते आणि दार ओढते. पटलाची जाडी अवघी चार-पाच नॅनोमीटर, म्हणून ६५ मिलिव्होल्ट वाटतात किरकोळ पण दांडीला जाणवणारी ओढ प्रचंड असते: दर मीटरला कोटभर व्होल्टच्या घरातली.

पोटॅशिअम चॅनेलच्या चारही दांड्या सारख्याच, आणि चारही सरकल्याशिवाय दार उघडत नाही. सोडिअम चॅनेलच्या चार दांड्या मात्र एकमेकींसारख्या नाहीत. पहिल्या तीन झपाट्याने सरकतात आणि दार उघडायला त्या पुरतात. २०१३ मध्ये छापलेल्या एका कामात या चपळाईचं एक कारणही सापडलं. सोडिअम चॅनेलच्या चपळ दांड्यांच्या भागात एका मोक्याच्या जागी पाण्याशी जमणारं अमिनो आम्ल आहे, तर पोटॅशिअम चॅनेलमध्ये त्याच जागी तेलकट स्वभावाचं. ते बदलून पाहिलं की वेगही बदलतो. चौथी दांडी सावकाश. ती सरकली की चॅनेलच्या आतल्या बाजूला लोंबणारा एक लहानसा तुकडा जागेवर जाऊन बसतो आणि वाट मिटते. हा तुकडा बाटलीच्या बुचासारखा थेट भोकात जातो असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. अलीकडच्या रचनांत तो भोकाच्या शेजारी बसून भिंत आत दाबताना दिसतो. परिणाम तोच. म्हणजे सोडिअम चॅनेल स्वतःचं घड्याळ स्वतःतच घेऊन बसलेला आहे: तीन चपळ दांड्या उघडण्यासाठी, एक मंद दांडी बंद करण्यासाठी.

आणि या चौथ्या दांडीवरच विंचवाच्या विषाचा डोळा आहे. विंचवांच्या विषातली अल्फा गटातली विषं पेशीच्या बाहेरून येऊन चौथ्या दांडीला आतल्या स्थितीत अडकवून ठेवतात. पहिल्या तीन मोकळ्याच असतात, त्यामुळे चॅनेल नेहमीसारखा उघडतो. पण बंद होण्याचा इशारा देणारी दांडी सरकतच नाही. सोडिअम आत येत राहतं, शिखर लांबतं आणि एका आवेगाच्या जागी आवेगांची माळ लागू शकते. त्यात विंचवांच्या विषात पोटॅशिअमचे काही चॅनेल अडवणारी प्रथिनंही असतात, म्हणजे खाली आणणारा दुसरा हातही दुबळा होतो.

कोकणात हे कोणाला पुस्तकातून शिकायला लागत नाही. लाल विंचू चावल्यावर माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो आणि गंभीर रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरतं. स्वायत्त मज्जासंस्थेच्या चेतातंतूंनी न थांबता ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं सोडत राहिल्याचा हा परिणाम. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या रुग्णांवर प्राझोसिन वापरून पाहिलं आणि त्यांची निरीक्षणं १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. हे औषध अडकलेली दांडी सोडवत नाही. सोडिअम चॅनेलला ते हातही लावत नाही. ते रक्तवाहिन्यांवरची ती जागा झाकतं जिथे ही रसायनं येऊन बसतात, त्यामुळे चेतातंतू ओरडत राहिले तरी रक्तवाहिन्या आवळत नाहीत आणि हृदयावरचा भार उतरतो. विष ओसरेपर्यंत तेवढी सवड मिळाली की बहुतेक रुग्ण तगतात.